वॉर्डात उलट्या-जुलाबांचे पेशंट वाढले: लाइन लिस्ट कशी मांडायची, कशी भरायची

सकाळच्या ओव्हरला नाइटची सिस्टर म्हणाली, "आठ नंबर आणि दहा नंबरला उलट्या-जुलाब, आणि मावशी आज आल्याच नाहीत." एवढ्या एका वाक्यात त्या वॉर्डातलं सगळं प्रकरण होतं. पण मावशींची गैरहजेरी आम्ही रजेच्या वहीत लिहिली आणि दोन पेशंटचं खापर किचनच्या दहीभातावर फोडलं. पुढचा दीड दिवस चुकीच्या दिशेने गेला. ठाण्यातल्या एका हॉस्पिटलच्या स्त्री मेडिकल वॉर्डातली ही जुलै महिन्यातली गोष्ट. मी तिथे इन्फेक्शन कंट्रोल नर्स होते. लाइन लिस्ट तेव्हाही केली होती, पण ती वाईट होती. ती दुरुस्त करताना जो तक्ता तयार झाला, तोच आजही वापरते. बेड नंबर आणि तपशील ओळख पटणार नाही इतपत बदलून इथे देते आहे.

लाइन लिस्ट म्हणजे आजारी पडलेल्या प्रत्येक माणसासाठी एक ओळ आणि त्याच्याबद्दल विचारायच्या प्रत्येक गोष्टीसाठी एक कॉलम. केसपेपर उभा वाचतो, एका पेशंटची सगळी हकिगत. लाइन लिस्ट आडवी-उभी दोन्ही वाचायची असते. एक कॉलम वरून खाली वाचत गेलं की सगळ्यांमध्ये सारखं काय आहे ते दिसू लागतं.

यादी कधी उघडायची

एकाच वॉर्डात ४८ तासांच्या आत दोन माणसांना उलट्या किंवा जुलाब सुरू झाले आणि त्यांचं दुसरं सरळ कारण केसपेपरवर सापडत नसेल, तर मी यादी उघडते. तिसऱ्याची वाट बघत नाही, आणि लॅब रिपोर्टची तर मुळीच नाही. यादी उघडण्याचा खर्च एक फूलस्केप कागद आणि तासभर पायपीट. चार दिवसांनी काहीच नव्हतं असं ठरलं, तर कागद फाइलला लावायचा.

पावसाळ्यात ठाण्या-नवी मुंबईत बाहेरही गॅस्ट्रोची साथ चालू असते. कॅज्युअल्टीतून रोज दोन-तीन तसेच पेशंट येतात आणि त्यामुळे वॉर्डातले दोन जुलाब कुणाला वावगे वाटत नाहीत. म्हणूनच हा आकडा आधीच ठरवून ठेवायचा, त्या दिवशीच्या मूडवर सोडायचा नाही.

आधी व्याख्या, मग नावं

कुणाला यादीत घ्यायचं हे एका वाक्यात लिहून काढा आणि ते वाक्य कागदाच्या माथ्यावरच ठेवा. त्यात चार गोष्टी लागतात: कोण, कुठे, कधीपासून आणि काय लक्षणं. आमची पहिली व्याख्या अशी होती: "स्त्री मेडिकल वॉर्डात दाखल असलेली पेशंट, जिला १० जुलैनंतर उलट्या-जुलाब झाले." वाचायला ठीक वाटते. पण तिच्यात तीन भोकं होती. "पेशंट" म्हटल्यामुळे मावशी आणि नातेवाईक बाहेर राहिले. "१० जुलैनंतर" म्हटल्यामुळे ज्या बाईपासून सुरुवात झाली तीच निसटली. आणि "उलट्या-जुलाब" म्हणजे किती, हे कुठेच नव्हतं.

सुधारलेली व्याख्या अशी:

"७ जुलैपासून पुढे स्त्री मेडिकल वॉर्डात दाखल असलेली, तिथून डिस्चार्ज झालेली, तिथे काम केलेली किंवा पेशंटजवळ बसलेली कोणतीही व्यक्ती, जिला २४ तासांत तीन किंवा जास्त पातळ जुलाब, किंवा दोन किंवा जास्त उलट्या, किंवा एक उलटी आणि एक पातळ जुलाब झाला."

सुरुवातीची तारीख पहिली माहीत असलेली केस जेव्हा आजारी पडली, त्याच्या किमान दोन दिवस मागे न्या. वॉर्डातल्या उलट्या-जुलाबांमध्ये सगळ्यात आधी ज्याची शंका घ्यावी लागते त्या नोरोव्हायरसचा अधिशयन काळ, म्हणजे लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंतचा वेळ, १२ ते ४८ तासांचा. दोन दिवस मागे गेलं की संसर्ग आणणारा माणूस जाळ्यात येण्याची शक्यता वाढते.

व्याख्येत "ज्याचं दुसरं कारण आहे त्याला वगळा" असं सुरुवातीला लिहू नका. सगळ्यांना घ्या, कारणाचा वेगळा कॉलम ठेवा आणि वगळायचं ते शेवटी वगळा. आमच्याकडे तीन नंबर बेडच्या आजींना लिव्हरच्या त्रासासाठी सिरप लॅक्टुलोज चालू होतं आणि त्यांना दिवसाला चार जुलाब होत होते. औषधाचा तोच हेतू होता. त्यांची ओळ यादीत राहिली, पण वर्गवारीत "केस नाही" असं लिहिलं. नाहीतर उद्या नवीन आरएमओ विचारतो, "तीन नंबर कसा सुटला?" आणि उत्तर कुणालाच आठवत नाही.

तक्ता

एक्सेलच्या पहिल्या ओळीत हे कॉलम आहे त्याच क्रमाने घाला, म्हणजे पुढची सूत्रं थेट चालतील. पहिला कॉलम A, शेवटचा U.

```
कोड, कोण, वय-लिंग, बेड, निदान, दाखल वेळ, कळल्याची वेळ,
पहिलं लक्षण वेळ, वेळेची खात्री, उलट्या, जुलाब, ताप, रक्त-आव,
शेवटचं लक्षण वेळ, आहार, दुसरं कारण, नमुना, रिपोर्ट,
वर्गवारी, शेरा, वेगळं ठेवायचं कधीपर्यंत
```

कॉलम एकवीस आहेत आणि मी ते वाढू देत नाही. कुणीतरी मीटिंगमध्ये म्हणतंच, "हिमोग्लोबिन पण घाला ना." ज्या कॉलमच्या उत्तराने आपण काही वेगळं करणार नाही, तो कॉलम नको. चाळीस कॉलमची यादी अर्धी रिकामी राहते आणि अर्धी रिकामी यादी पूर्ण यादीपेक्षा जास्त फसवते.

कोडच्या जागी नाव लिहू नका. रुग्णाला रु-१, कर्मचाऱ्याला क-१, नातेवाइकाला ना-१. कोड आणि आयपीडी नंबर यांची जोडी वेगळ्या पानावर, कुलपात. यादी किती जणांच्या मोबाइलवर फिरते हे आपल्या हातात नसतं.

"हो-नाही" असलेल्या प्रत्येक कॉलममध्ये तीन उत्तरं चालतील: हो, नाही, माहीत नाही. रिकामी चौकट म्हणजे अजून विचारलंच नाही. हा भेद पाळला नाही तर तापाच्या कॉलममधल्या सहा रिकाम्या चौकटी कुणीतरी "ताप नाही" म्हणून मोजतो.

या पानाशिवाय आणखी दोन पानं लागतात. एक, त्या दिवसांत वॉर्डात असलेल्या सगळ्यांची यादी, आजारी नसलेलेही धरून. ती मिडनाइट सेन्ससच्या रजिस्टरमधून पाच मिनिटांत निघते. दुसरं, बेड बदलल्याचं पान: कोण, कोणत्या बेडवरून, कोणत्या बेडवर, किती वाजता. हे दुसरं पान आमच्या पहिल्या यादीत नव्हतं. त्याची किंमत पुढे सांगते.

वेळेचे तीन कॉलम

सगळ्या तक्त्यात सगळ्यात जास्त कष्ट H कॉलमवर घ्यायचे: पहिलं लक्षण कधी सुरू झालं. G कॉलममध्ये ते आपल्याला कधी कळलं ते लिहायचं. हे दोन कॉलम शेजारी-शेजारी मुद्दाम ठेवले आहेत, कारण माणसं एकाची वेळ दुसऱ्यात लिहितात.

आमच्या पहिल्या यादीत आठ नंबर आणि दहा नंबर दोघींची वेळ "११ जुलै, सकाळी ८" होती. ती नर्सेस नोट्समधून उतरवली होती आणि नोट्स ओव्हरच्या वेळी लिहिल्या जातात. दोघी एकाच वेळी आजारी पडल्या म्हटल्यावर प्रत्येकाच्या मनात एकच आलं, काहीतरी खाल्लंय. आदल्या दिवशी दुपारी दहीभात होता. किचनचं जेवण बंद केलं, बाहेरून मागवलं, ते उशिरा आलं आणि इन्सुलिन घेतलेल्या दोघी बायका तासभर उपाशी बसल्या. हे सगळं एका चुकीच्या कॉलमवरून.

दुसऱ्या दिवशी मी बेडवर जाऊन विचारलं. "आजी, पहिली उलटी कधी झाली?" "रात्री झाली बाई." रात्र म्हणजे नऊ ते सहा, त्याने काही होत नाही. अशा वेळी वॉर्डाच्या घड्याळाला धरायचं. दिवे बंद केले त्याच्या आधी की नंतर? रात्री दहाचं इंजेक्शन झालं होतं का? बीपी बघायला सिस्टर आली तेव्हा तुम्ही जाग्या होतात का? सकाळचा चहा प्यायलात का, आणि तो पोटात राहिला का? आठ नंबरच्या आजींनी सांगितलं की सिस्टर दोन वाजता सलाइन बदलायला आली, त्याच वेळी पहिली उलटी झाली. सलाइनच्या चार्टवर दोनची नोंद होती. दहा नंबरची साडेसहाच्या चहानंतर लगेच. दोघींमध्ये साडेचार तासांचं अंतर निघालं.

सुरुवात म्हणजे पहिली उलटी किंवा पहिला पातळ जुलाब, जे आधी होईल ते. मळमळ धरायची नाही. मळमळ कधीपासून आहे हे कुणीच नक्की सांगू शकत नाही, आणि निम्म्या वॉर्डाला औषधांनीच मळमळतं. हवी तर शेऱ्यात लिहा. वेळ चार्टशी जुळली तर I कॉलममध्ये "नक्की", नाहीतर "अंदाजे".

तारीख-वेळ एकाच चौकटीत, चोवीस तासांच्या घड्याळाने लिहा. एक्सेलची एक खोड लक्षात ठेवा: कॉम्प्युटरची तारीख अमेरिकन पद्धतीवर असेल तर ९ जुलै म्हणून ९/७ अशी घातलेली तारीख ७ सप्टेंबर होते, आणि १२ च्या पुढच्या तारखा नुसत्या अक्षरांसारख्या पडून राहतात. चौकटीत मजकूर डावीकडे चिकटलेला दिसला की समजा ती तारीख नाही. खात्री करायला हे सूत्र:

```
=ISNUMBER(H2)
```

FALSE आलं तर ती ओळ पुन्हा भरा.

दाखल झाल्यापासून किती तासांनी लक्षणं आली हे असं काढता येतं:

```
=(H2-F2)*24
```

उत्तर ४८ पेक्षा जास्त असेल तर लागण हॉस्पिटलातच झाली असं धरायला हरकत नाही. १२ ते ४८ च्या मध्ये असेल तर दोन्ही शक्यता उघड्या ठेवा. उत्तर उणे आलं, म्हणजे माणूस आजारी होऊनच वॉर्डात आला. ही उणे आलेली ओळ शोधा. आमच्याकडे ती एकच होती.

उणे सहाची ओळ

वीस नंबर बेडवरच्या बाईंचं निदान "चक्कर, बीपी कमी" असं होतं. ९ जुलैला संध्याकाळी पाच वाजता कॅज्युअल्टीतून वॉर्डात आल्या. पहिल्या यादीत त्या नव्हत्याच. व्याख्या सुधारल्यावर मी सगळ्यांचे केसपेपर पुन्हा काढले. त्यांच्या कॅज्युअल्टीच्या कागदावर कोपऱ्यात लिहिलं होतं की सकाळी अकरापासून घरी पाच-सहा उलट्या. चक्कर आणि कमी बीपी त्याचाच परिणाम. H उणे F, उत्तर उणे सहा तास.

आता बेड बदलल्याचं पान. वॉर्डात चार क्युबिकल, प्रत्येकात सहा बेड: अ मध्ये १ ते ६, ब मध्ये ७ ते १२, क मध्ये १३ ते १८, ड मध्ये १९ ते २४. बाई आल्या तेव्हा नऊ नंबरवर होत्या, म्हणजे ब मध्ये. रात्री अकरा वाजता त्यांना जमिनीवर मोठी उलटी झाली. मावशींनी ती पुसली. १० जुलैला दुपारी चार वाजता त्यांना सिस्टरच्या टेबलाजवळ, वीस नंबरला हलवलं. D कॉलममध्ये तोवर आम्ही सगळ्यांचा त्या दिवशीचा बेड लिहीत होतो. त्यामुळे ब मधल्या आजारी बायकांचा आणि ड मधल्या या बाईंचा संबंध कुणाला दिसलाच नाही. म्हणून D मध्ये लक्षण सुरू झालं तेव्हाचा बेड लिहायचा आणि बाकीचा प्रवास वेगळ्या पानावर.

मावशींचं विचारणं नाजूक असतं. कंत्राटी माणसाचा गैरहजेरीचा पगार कापला जातो, त्यामुळे "तुम्हाला जुलाब झालेत का?" या प्रश्नाला "मला काय धाड भरली?" हेच उत्तर येतं. मी दिव्याला राहणाऱ्या त्या मावशींना फोन करून आधी सांगितलं की हे रजेसाठी नाही, आणि इनचार्ज सिस्टरला शेजारी उभं केलं होतं. मग कळलं, ११ ला पहाटे चारला उलट्या सुरू झाल्या होत्या. वहीत कारण "घरगुती काम" होतं. कर्मचाऱ्यांची रजेची वही आणि लाइन लिस्ट शेजारी ठेवून वाचायचीच, विशेषतः हाउसकीपिंग आणि किचनची.

तिसऱ्या दिवशी यादीतल्या खऱ्या केसेस अशा दिसत होत्या:

| कोड | बेड | पहिलं लक्षण | उलटी | जुलाब | कधीच्या संपर्कापासून किती तास |
|---|---|---|---|---|---|
| रु-१ | घरी (मग ९, २०) | ९ जुलै ११:०० | हो | हो | – |
| रु-२ | ८ | ११ जुलै ०२:०० | हो | हो | ९ च्या रात्रीपासून २७ |
| क-१ | मावशी | ११ जुलै ०४:०० | हो | हो | ९ च्या रात्रीपासून २९ |
| रु-३ | १० | ११ जुलै ०६:३० | हो | हो | ९ च्या रात्रीपासून ३१.५ |
| रु-४ | ११ | ११ जुलै १४:०० | हो | हो | ९ च्या रात्रीपासून ३९ |
| रु-५ | १९ | १२ जुलै ०५:०० | हो | हो | रु-१ शेजारी आल्यापासून ३७ |
| रु-६ | २१ | १२ जुलै ०९:०० | नाही | हो | रु-१ शेजारी आल्यापासून ४१ |
| ना-१ | १० ची मुलगी | १२ जुलै २०:०० | हो | नाही | रु-३ पासून ३७.५ |
| रु-७ | ७ | १२ जुलै २२:०० | हो | हो | रु-२ पासून ४४ |

शेवटचा कॉलम तक्त्यात नाही, तो नंतर हाताने काढला. तो आपला अंदाज असतो, नोंद नव्हे. म्हणून त्याला मूळ यादीत जागा देत नाही.

आलेख: सहा तासांचा एक खण

वेळा नुसत्या वाचून चित्र डोळ्यांपुढे येत नाही. प्रत्येक केसला एक चौकोन, आणि आडव्या रेषेवर वेळेचे खण. खण किती तासांचा? शंकेतल्या आजाराच्या अधिशयन काळाचा साधारण चौथा हिस्सा किंवा त्याहून लहान. नोरोव्हायरससाठी मी सहा तास धरते. पूर्ण दिवसाचा खण घेतला असता तर ११ जुलैच्या चार केस एकावर एक बसल्या असत्या आणि पुन्हा दहीभाताकडेच बोट गेलं असतं. एक्सेलमध्ये वेळ सहा तासांच्या खणात बसवायला:

```
=FLOOR(H2,0.25)
```

एका जेवणातून झालेली बाधा असेल तर चौकोन एका ठिकाणी उंच उभे राहतात आणि लगेच संपतात. स्टॅफिलोकॉकसचं विष असेल तर खाल्ल्यापासून अर्धा ते आठ तासांत उलट्या. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स असेल तर ६ ते २४ तासांत मुख्यतः पोटदुखी आणि जुलाब, उलट्या क्वचित. आमचा आलेख ९ तारखेला एक चौकोन, मग दीड दिवसाहून जास्त शांतता, मग ११ ला चार, १२ ला चार, असा पसरत गेला होता. माणसाकडून माणसाकडे जाणाऱ्या संसर्गाची चाल अशी असते.

फक्त एक धोका सांगते. पाणी किंवा रोजचं एखादं अन्न सतत दूषित असेल तरीही आलेख असाच लांब पसरतो. त्यामुळे एवढ्यावर किचनला किंवा टाकीला सोडून द्यायचं नाही. पाण्याच्या टाकीची आणि वॉर्डातल्या नळाची, पाण्यात क्लोरीन आहे का ते दाखवणारी ओटी टेस्ट त्याच दिवशी करून घ्या. ठाण्यात अनेक इमारतींना महापालिकेच्या पाण्याबरोबर टँकरचं पाणीही भरावं लागतं, तर त्या आठवड्यात टँकर आला होता का, तेही शेऱ्यात येऊ द्या. आमच्याकडे दोन्ही ठिकाणी क्लोरीन होतं.

दहीभाताचा हिशेब

अन्नावर शंका असेल तर आजारी माणसांनी काय खाल्लं एवढंच विचारून भागत नाही. सगळ्यांनी दहीभात खाल्ला असेल तर आजारी माणसांनीही खाल्लेलाच असणार. निरोगी बायकांनाही तेच विचारायचं, आणि त्यासाठीच सेन्ससची यादी हवी.

रु-१ घरूनच आजारी आल्या, त्यांना या हिशेबातून काढलं. उरल्या वॉर्डातल्या १९ बायका. १० जुलैला दुपारी १२ जणींनी दहीभात खाल्ला, त्यातल्या ३ आजारी पडल्या, म्हणजे २५ टक्के. ७ जणींनी खाल्ला नव्हता, त्यातल्याही ३ आजारी पडल्या, म्हणजे ४३ टक्के. भात गुन्हेगार असता तर पहिला आकडा दुसऱ्याच्या कितीतरी वर गेला असता.

या तिघी न खाणाऱ्या कोण, हे त्याहून बोलकं होतं. दहा नंबरला मुलगी कळव्याहून घरचा डबा आणत होती. सात नंबरला डायबेटिक डाएट होतं. आणि अकरा नंबरला नाकातून आरटी फीड चालू होतं, पावडरचं, वॉर्डातच सिस्टर कालवत होती. किचनचा एक घासही तिच्या पोटात गेला नव्हता. O कॉलममध्ये "आरटी फीड" हे दोन शब्द पहिल्याच दिवशी भरले असते तर दहीभाताची गोष्ट तिथेच संपली असती. म्हणून आहाराच्या कॉलममध्ये "जनरल" लिहून मोकळं होऊ नका. घरचा डबा, आरटी, उपाशी, बाहेरचं, यातलं नेमकं काय ते लिहा. फीड कुणी कालवलं तेही शेऱ्यात लिहा, कारण ते किचनमधून येत असेल तर हा पुरावा उलटतो.

तसाच हिशेब क्युबिकलचा केला. ब मध्ये रु-१ सोडून पाच जणी, त्यातल्या चार आजारी. ड मध्ये चार जणी, दोन आजारी. अ मध्ये सहापैकी एकही नाही, क मध्ये चारपैकी एकही नाही. अ आणि ब यांचं टॉयलेट एकच आहे, तरी अ कोरडा राहिला. रु-१ जिथे जिथे होत्या तिथेच आजार होता. इतक्या कमी माणसांत टक्केवारीवर फार भार टाकू नये, एखादी केस इकडची तिकडे झाली तरी आकडा हलतो. पण दिशा कळायला तेवढं पुरलं.

लॅबचे कॉलम

नमुना आजाराच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत घ्या आणि एकाच पेशंटचा घेऊन थांबू नका, पाच-सहा जणांचा पाठवा. विष्ठा दोन भागांत द्यायची: व्हायरसच्या पीसीआरसाठी स्वच्छ कोरड्या डबीत, कोणतंही द्रावण न घालता, फ्रीजच्या थंडाव्यात, कल्चरसाठी कॅरी-ब्लेअर माध्यमात. डबीवर कोड, तारीख आणि वेळ. तांदळाच्या पेजेसारखे भरमसाट जुलाब दिसले तर कॉलऱ्यासाठी लॅबला वेगळा फोन करा, चिठ्ठीच्या भरवशावर राहू नका.

R कॉलममध्ये "निगेटिव्ह" एवढंच लिहू नका. कशासाठी निगेटिव्ह? साध्या स्टूल कल्चरमध्ये व्हायरस दिसत नाही, आणि "कल्चर निगेटिव्ह, म्हणजे काही नाही" हे वाक्य मी फार वेळा ऐकलं आहे.

पीसीआर यायला आम्हाला तीन दिवस लागले. तोवर यादीवरूनच अंदाज बांधायला कॅप्लान यांनी १९८२ मध्ये मांडलेले चार निकष आहेत: निम्म्याहून जास्त जणांना उलट्या, अधिशयन काळ सरासरी २४ ते ४८ तास, आजार सरासरी १२ ते ६० तास टिकतो, आणि कल्चरमध्ये जिवाणू सापडत नाही. आमच्याकडे नवापैकी आठ जणांना उलट्या होत्या. पहिल्या फेरीतल्या सहा जणांचा अधिशयन काळ मधोमध ३४ तासांच्या आसपास निघत होता. N मधून H वजा केल्यावर आजाराची लांबीही दीड दिवसाच्या आतबाहेर होती. नंतर कल्चर कोरडं आलं आणि पीसीआरमध्ये नोरोव्हायरस निघाला. हे निकष जुळले तर भरवसा ठेवता येतो. न जुळले म्हणून नोरोव्हायरस नाहीच असं मात्र म्हणता येत नाही, बऱ्याच खऱ्या साथी त्यात बसत नाहीत.

चौदा नंबरची बाई या सगळ्यात वेगळी दिसत होती. ताप, दिवसाला पाच जुलाब, उलटी एकही नाही, आणि P कॉलममध्ये "सेफ्ट्रिअॅक्सोन, सहावा दिवस". क मध्ये ती एकटीच. तिचा नमुना क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलच्या टॉक्सिनसाठी गेला, पॉझिटिव्ह आला आणि तिची वर्गवारी "दुसरं कारण" झाली. P कॉलम नसता तर ती नववीच्या पुढची दहावी केस म्हणून मोजली गेली असती आणि तिचं औषध मागे पडलं असतं.

यादी रोज, ठरल्या वेळी

माझी वेळ सकाळी दहा, राऊंड सुरू व्हायच्या आत. नवीन ओळी, जुन्या ओळींची शेवटच्या लक्षणाची वेळ, आलेले रिपोर्ट. फाइलच्या नावात तारीख-वेळ घालून रोज नवी प्रत ठेवा, जुनीवर लिहू नका. यादी भरणारा माणूस एकच असावा. दोन शिफ्टच्या दोन सिस्टरनी भरलेली यादी म्हणजे एकच पेशंट दोनदा.

U कॉलम वॉर्डासाठी सगळ्यात कामाचा. लक्षणं थांबल्यानंतर ४८ तास वेगळं ठेवायचं, आणि आजारी कर्मचाऱ्यानेही तेवढे तास कामावर यायचं नाही:

```
=N2+2
```

चौकटीला तारीख-वेळेचं रूप दिलं की थेट "१५ जुलै १६:००" असं दिसतं. मग बेड कधी मोकळा होईल यावरून बेड मॅनेजरशी वाद होत नाही. शेवटचं लक्षण पुन्हा उलटलं तर N बदला, U आपोआप पुढे सरकतो.

यादीतून निघालेल्या गोष्टी लगेच अमलात येत होत्या. ब आणि ड मधून दुसरीकडे बेड बदलणं बंद, त्या दोन क्युबिकलला वेगळी मावशी. सॅनिटायझरच्या भरवशावर न राहता साबण-पाण्याने हात धुणं, कारण हा व्हायरस अल्कोहोलला नीट दाद देत नाही. उलटी पडलेली जागा आधी टिपून घेऊन मग १००० पीपीएम हायपोक्लोराइट. कॅन ५ टक्क्यांचा असेल तर २० मिली घेऊन पाण्याने एक लिटर करायचं. कॅनवरचा टक्का वाचल्याशिवाय माप सांगू नका, १० टक्क्यांचेही कॅन येतात.

महापालिकेच्या आरोग्य विभागाला आम्ही दुसऱ्याच दिवशी कळवलं, साथींची सरकारी नोंद होते त्या आयएचआयपी पोर्टलवरही नोंद गेली. तिथे पाठवायच्या प्रतीत कोड, वय-लिंग, H, लक्षणं, नमुना आणि रिपोर्ट एवढेच कॉलम ठेवले. किचनच्या अन्नाचा संशय कायम असता तर शिजवलेल्या अन्नाचा राखून ठेवलेला नमुना फेकू न देणं हे पहिलं काम ठरलं असतं. आमच्याकडे ११ तारखेच्या गडबडीत तो नमुना कुणीतरी धुऊन टाकला होता.

शेवटची नवी केस १२ जुलैला रात्री दहाची, रु-७. यादी तिथून ९६ तास उघडी ठेवली, म्हणजे सगळ्यात लांबचा अधिशयन काळ दोनदा. १६ जुलैला रात्री दहा वाजता नवी ओळ नव्हती. १७ ला सकाळी इनचार्ज सिस्टरने ब आणि ड मधले पडदे धुवायला दिले आणि मी शेऱ्याच्या कॉलममध्ये शेवटची ओळ लिहिली: "क-१ कामावर हजर, पगार कापलेला नाही, इनचार्जकडून खात्री केली."